झुंबर मुंबईचं, बल्ब गावचा : हॉलची लाईट घेताना बॉक्सवर काय वाचायचं

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडे गुहागर साईडला एकच धावपळ असते, रंग काढा, वायरिंग बघा, आणि मुंबईचे चाकरमानी येताना काहीतरी लायटिंगचं सामान घेऊन येतात ते लावा. मी हे वायरिंगचं काम बरीच वर्षं करतोय त्यामुळे दरवर्षी एकदोन घरी तरी तीच कथा होते. गेल्या वर्षीची सांगतो, त्यातून पिनवाला बल्ब, आट्याचा बल्ब, लुमेन, केल्विन सगळं आपोआप समजेल.

शेजारच्या काकींच्या मुलाने मुंबईहून पाच हातांचं झुंबर आणलं. दिसायला मस्त, पितळी रंग, वर मेणबत्तीसारखे पाच बल्ब लागणार. घर जुनं चिऱ्याचं, हॉल म्हणजे पूर्वीची ओटी आणि पुढची पडवी एकत्र करून केलेली खोली, 12 बाय 15 फूट, खाली लाल कोबा आणि वर माळ्याच्या काळपट फळ्या. झुंबर टांगलं, आणि मग कळलं की येताना बल्ब आणलेच नव्हते, बॉक्समध्ये नुसते होल्डर. गावातल्या दुकानात गेलो तर तिथे पिनवाले 9 वॅटचे बल्ब हवे तेवढे, पण झुंबराच्या होल्डरला त्यातला एकही बसेना.

तर पहिली गोष्ट ही, फिटिंग बघताना आधी त्याच्या होल्डरकडे बघा, मग डिझाईनकडे. आपल्याकडे घराघरात जो बल्ब असतो तो बी 22, दोन बाजूंना दोन खुंट्या, दाबायचा आणि थोडा फिरवायचा की बसला. बी म्हणजे बायोनेट, बंदुकीला संगीन अडकवायची जी पद्धत तीच ही, आणि 22 म्हणजे त्या धातूच्या टोपीचा व्यास 22 मिलिमीटर. आट्याचा बल्ब ई 27, म्हणजे बाटलीचं झाकण फिरवतो तसा आत जातो, ई एडिसनचा आणि 27 परत मिलिमीटरच. झुंबराला, फॅन्सी वॉल लाईटला जो बारीक आट्याचा असतो तो ई 14, करंगळीएवढा. आणि छताच्या छोट्या स्पॉट लाईटला दोन बुटके पाय असतात खाली जाड टोकाचे, तो जीयू 10, तिथे 10 म्हणजे दोन पायांमधलं अंतर. एकदा कळलं की आकडे मिलिमीटर आहेत की मग घाबरायचं काही कारण नाही, बल्बच्या गळ्यावर किंवा बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि नसेल तर पट्टी लावा.

काकींच्या मुलाने शहाणपणा करून कन्व्हर्टर आणला, ई 14 ला बी 22 करणारा. असे मिळतात, चालतात पण. पण त्या नाजूक हातांवर कन्व्हर्टर आणि त्यावर 9 वॅटचा गोल बल्ब, झुंबर असं दिसायला लागलं की जणू वेलीला दुधी लागलेत. शिवाय प्रत्येक कन्व्हर्टर म्हणजे अजून एक जोड, आणि आमच्या खाऱ्या हवेत जिथे जोड तिथे गंज. मी तो प्रकार काढायला लावला आणि चिपळूणहून ई 14 चे कँडल बल्ब मागवले.

इथेच एक सुरक्षिततेचं सांगून टाकतो कारण हे बरेच वायरमनसुद्धा बघत नाहीत. पिनवाल्या होल्डरमध्ये दोन्ही टोकं सारखी, फेज कुठेही लावला तरी फरक पडत नाही. आट्याच्या होल्डरमध्ये पडतो. मधली जी पितळी जीभ असते ना तळाला, फेज तिलाच आली पाहिजे, आणि बाहेरच्या आट्याला न्यूट्रल. उलटं झालं तर बल्ब तरीही पेटतोच, त्यामुळे कोणाला संशय येत नाही, पण बदलायला गेलात आणि बोट धातूच्या आट्याला लागलं की झटका. टेस्टरने पाहता येतं, बल्ब काढून, बटण चालू करून टेस्टर आधी तळाच्या जिभेला आणि मग आट्याला, जीभेलाच पेटला पाहिजे. हे काम जमत नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या, स्टूलवर उभं राहून चालू होल्डरमध्ये प्रयोग नकोत. आणि अजून एक खूण, रात्री बटण बंद केल्यावर एलईडी बल्ब मंद मंद काजव्यासारखा पेटत राहतो का? बऱ्याचदा बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतं म्हणून तसं होतं (कधी कधी बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळेही होतं). पहिलं कारण असेल तर बल्ब बदलून फायदा नाही, वायर बदलायला हवी.

बरं, बल्ब आले, लावले, पेटवले, आणि काकी म्हणाल्या, "एवढे पैसे घालून अंधारच रे हा, आधी तो एकच ट्यूब बरा होता!" खरंच होता. आता हा अंधार का, हे समजलं म्हणजे लुमेन समजलं.

वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो, प्रकाश किती देतो ते नाही, ते लुमेन सांगतं. पूर्वी पिवळ्या बल्बच्या काळात सगळे एकसारखे होते म्हणून आपण "साठचा बल्ब" म्हटलं की उजेड डोळ्यापुढे यायचा, तो साधारण 700 लुमेन द्यायचा. आता 9 वॅटचा एलईडी त्याहून जास्त, साधारण 900 लुमेन देतो, पण सगळे 9 वॅटवाले सारखे नसतात, एकावर 810 लिहिलेलं असतं तर दुसऱ्यावर 1000, आणि वीजबिल दोघांचं तेवढंच. म्हणून बॉक्सवर वॅटच्या खाली लुमेन शोधा, इंग्रजीत एल एम असं बारीक लिहिलेलं असतं. (जाता जाता, तो जुना झीरोचा बल्ब आठवतो का, देवापुढे लावायचो तो? झीरो नव्हताच तो, 12 ते 15 वॅट खायचा. जुन्या मीटरमध्ये एवढं कमी युनिट दिसायचंच नाही म्हणे, म्हणून झीरो.)

काकींचे पाच कँडल बल्ब प्रत्येकी 4-5 वॅटचे, 400 लुमेनचे, म्हणजे एकूण 2000. आधीचा एलईडी ट्यूब 20 वॅटचा, तोही साधारण 2000 लुमेनच. मग उजेड कमी का वाटला? लुमेन जास्त-कमी असण्यापेक्षा ते कुठल्या दिशेला जातात आणि परत किती येतात त्यावर सगळं आहे. ट्यूब भिंतीवर होती, तिचा प्रकाश खोलीत खाली पडत होता. झुंबराचे बल्ब मेणबत्तीसारखे तोंड वर करून बसतात, आणि एलईडी बल्बचं अर्धं अंग प्लास्टिकचं असतं त्यातून खाली उजेड येत नाही, तो घुमटातून वर जातो. वर गेला आणि तिथे काळपट फळ्या. पांढरा स्लॅब त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या 70-80 टक्के परत फेकतो, काळं लाकूड बहुतेक सगळा गिळतो, जेमतेम 10-20 टक्के परत. चिऱ्याची भिंत उघडी असेल तर तीही तशीच. म्हणजे काकींनी प्रकाश पुरेसा विकत घेतला होता पण तो माळ्यावर ठेवला होता असं समजा.

आता खोलीला किती लागतो ते मोजायचं कसं. यात लक्स नावाचं माप आहे, म्हणजे एक चौरस मीटरवर किती लुमेन पडले ते. बसायच्या खोलीला गप्पा, टीव्ही, पाहुणे एवढ्यासाठी साधारण 100 लक्स छान होतात, पेपर वाचायला किंवा शिवायला 300 लागतात पण त्यासाठी सगळी खोली उजळवायची गरज नाही, खुर्चीजवळ एक वेगळा दिवा लावा. काकींची खोली 12 बाय 15 म्हणजे 180 चौरस फूट, मीटरमध्ये करायला 10.76 ने भागा, आली 16.7 चौरस मीटर. गुणिले 100, म्हणजे 1670 लुमेन खाली माणसांपर्यंत पोचले पाहिजेत. पण बल्बमधून निघालेलं सगळं पोचत नाही. पांढरं छत, फिकट भिंती असतील तर फिटिंगवरची धूळ धरून साधारण अर्धं पोचतं, म्हणजे 3400 च्या आसपास लावायचं. काळं लाकूड, उघडा चिरा, लाल कोबा असेल तर तिसरा भागच पोचतो धरा, म्हणजे 5000. हे अंदाजाचे आकडे आहेत, शंभर-दोनशे इकडे तिकडे काही बिघडत नाही, पण 2000 आणि 5000 मधला फरक मात्र कोणालाही कळतो, काकींना कळलाच.

आकडेमोड नको असेल तर एवढंच ठेवा डोक्यात, स्लॅबच्या पांढऱ्या हॉलला चौरस फुटाला 20 लुमेन, जुन्या कौलारू काळोख्या घराला 28 ते 30. आणि छत नसेलच, सरळ वर कौलं दिसत असतील तर वर तोंड केलेली फिटिंग घेऊच नका, तुमचा निम्मा उजेड कौलांच्या फटीतल्या पालींना.

मग केलं काय? झुंबर काढलं नाही, पोराने हौसेने आणलं होतं. ते मधे राहिलं 2000 लुमेनचं शोभेसाठी, आणि त्याच्या दोन बाजूंना फळ्यांवरच 15 वॅटचे दोन सरफेस पॅनल लावले, खाली तोंड असणारे, प्रत्येकी 1500 लुमेन. झाले 5000. आणि हे पॅनलचे 3000 सरळ खाली येतात, फळ्यांवर जातच नाहीत, त्यामुळे हिशोबापेक्षा थोडं जास्तच उजळलं. बटणं वेगळी केली, पाहुणे आले की तिन्ही, टीव्ही बघताना नुसतं झुंबर. फॉल्स सीलिंग नसलेल्या घरात सरफेस पॅनल बरा, भोक पाडायला नको, चार स्क्रू आणि झालं.

फक्त पॅनल घेताना एक लक्षात घ्या, याला होल्डर-बिल्डर काही नसतं, एलईडी आतच बसवलेली आणि बाहेर एक छोटी डबी, ड्रायव्हर म्हणतात तिला. पॅनल लुकलुकायला लागला किंवा बंद पडला की पुष्कळदा एलईडी ठीक असते आणि ड्रायव्हर गेलेला असतो. तो वेगळा मिळतो, स्वस्त असतो, पण जुन्याच्या डबीवर आऊटपुट लिहिलेलं असतं, किती मिलिॲम्पिअर आणि किती व्होल्ट ते, तेच जुळवून आणायचं, नुसतं "15 वॅटचा द्या" म्हणून नाही. मिलिॲम्पिअर जास्तीचा लावलात तर पहिले काही दिवस एकदम झकास उजेड आणि मग एलईडी कायमची गेली. आमच्याकडे व्होल्टेजचं खालीवर खूप असतं म्हणून इनपुटची रेंजही बघा, 100 ते 300 व्होल्ट लिहिलेलं असेल तर पावसाळ्यात टिकायची आशा.

आता रंग, म्हणजे केल्विन. इथे भांडण झालं होतं घरात. मुलगा म्हणे पिवळा लावू हॉटेलसारखा, काका म्हणे पिवळ्यात अंधार वाटतो पांढराच पाहिजे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर.

लोहाराकडे लोखंड तापवताना बघितलंय ना, आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं, अजून तापलं की पांढरट. केल्विन म्हणजे तेच तापमान, असा रंग यायला वस्तू किती तापवावी लागेल ते. म्हणून सगळं उलटं वाटतं, आपण ज्याला "वॉर्म" म्हणतो त्या पिवळसर प्रकाशाचा आकडा लहान, आणि "कूल" निळसर पांढऱ्याचा मोठा. समईची ज्योत 2000 च्या खालीच, जुना पिवळा बल्ब 2700, बाजारात वॉर्म व्हाईट म्हणून 2700-3000 मिळतो, नॅचरल व्हाईट 4000, आणि गावातल्या दुकानात न विचारता जो हातात देतात तो 6500, कूल डेलाईट, ढगाळ दिवसासारखा. बल्ब हाताला किती गरम लागतो याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही, मला एका गिऱ्हाईकाने विचारलं होतं की 6500 वाल्याने फळ्या पेटणार नाहीत ना, म्हणून सांगतो.

आणि केल्विनने उजेड कमी-जास्त होत नाही, तो लुमेनचा प्रश्न. 900 लुमेनचा पिवळा आणि 900 चा पांढरा दोन्ही तेवढेच, पण पांढरा डोळ्याला लख्ख वाटतो, म्हणून काकांना वाटतं तसं. शिवाय त्याच कंपनीच्या त्याच वॅटच्या बल्बात पिवळ्याचे लुमेन बरेचदा थोडे कमी असतात, बॉक्सवर बघा, तेवढे वाढवून घ्या म्हणजे काकांची तक्रार बंद.

आमच्याकडच्या घराला माझं मत विचाराल तर 3000. कारण सरळ आहे, लाल कोबा, चिरा, सागाचं लाकूड, सगळे लाल-पिवळे रंग, ते 3000 मध्ये उठून दिसतात आणि 6500 मध्ये राखाडी आणि मरगळलेले. मी काकींच्या ओटीवर दोन बल्ब आलटून पालटून दाखवले, एकाखाली कोबा चकचकीत, दुसऱ्याखाली तोच कोबा पुसलाच नाही असा. स्लॅबचं नवं घर, पांढऱ्या टाईल्स, मुलं हॉलमध्येच अभ्यासाला बसतात, तर 4000 घ्या, तो मधला मार्ग आहे. 6500 मी पडवीत आणि गोठ्यात लावतो, बसायच्या खोलीत नाही, पण ज्याला आवडतो त्याला आवडतो.

अजून एक कारण आहे 3000 चं, जे शहरातल्या माणसाला कळणार नाही. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी आणि शेकडो किडे दिव्यावर येतात. किड्यांना निळसर प्रकाश जास्त ओढतो, पिवळ्यावर कमी येतात. येत नाहीत असं नाही, पण फरक पडतो. आणि म्हणूनच बंद काचेचा घुमट असलेली फिटिंग मी टाळायला सांगतो, कितीही बंद म्हटलं तरी किडे कुठून तरी आत जातातच आणि महिन्याभरात खाली काळा थर. त्यात एलईडी बल्बला हवा लागते, त्याची उष्णता मागच्या अंगात असते, पूर्ण बंद घुमटात ती कोंडते आणि बल्ब लवकर जातो. बऱ्याच बल्बच्या बॉक्सवर बंद फिटिंगमध्ये वापरू नका असं लिहिलेलंच असतं, कोण वाचतो.

एक चूक मात्र आम्ही केली ती सांगतो. ते पॅनल थ्री इन वन घेतले, म्हणजे बटण पटकन बंद-चालू केलं की पांढरा, परत केलं की पिवळा, परत केलं की मधला. म्हटलं बाप-लेकाचं भांडण मिटेल. पण पावसाळ्यात लाईट क्षणभर जाऊन येते ना, त्या झटक्याला पॅनलला वाटतं बटण दाबलं, आणि रंग बदलतो. एक पॅनल पिवळा आणि एक पांढरा, मधे झुंबर पिवळं, आणि आरती चालू. काकी बटणाजवळ उभ्या राहून टकटक करतायत आणि दोन्ही पॅनल एकाच रंगावर येईनात. दिवाळीनंतर ते काढून सरळ 3000 चे साधे पॅनल लावले, झुंबरातले बल्ब 3000 चे होतेच. एका खोलीत छताचे सगळे दिवे एकाच केल्विनचे ठेवा, नाहीतर भिंतीवर डाग पडल्यासारखं दिसतं.

कुंकू, शेंदूर, साडीचा रंग नीट दिसावा असं वाटत असेल तर बॉक्सवर सीआरआय पण बघा, रंग किती खरे दिसतील त्याचा तो आकडा, 80 असतो साधारण, चालतो, पण 90 मिळाला आणि किंमत फार नसेल तर मखराच्या वरचा तरी एक तो घ्या. त्याच्या उजेडात लाल हा लाल दिसतो, विटकरी नाही.

शेवटी खाऱ्या हवेचं. समुद्राजवळच्या घरात होल्डर आतून हिरवट काळा पडतो, पिनवाल्याच्या आतल्या स्प्रिंग गंजून ढिल्या होतात, मग बल्ब चुरचुर आवाज करतो, लुकलुकतो आणि आपण बल्बला शिव्या घालून नवा आणतो, तोही महिन्यात जातो. एकाच होल्डरवर दोन बल्ब लागोपाठ गेले तर तिसरा आणायच्या आधी मेन बंद करून होल्डर काढून बघा. पितळी आतलं असलेला होल्डर घ्या, पातळ पत्र्याचा आमच्याकडे दोन पावसाळे काढत नाही. काकींच्या झुंबराचे पाचही ई 14 होल्डर पत्र्याचेच निघाले, यंदा गणपतीआधी ते बदलायचेत, आणि ई 14 चे दोन जास्तीचे बल्ब त्यांनी फडताळात देवाच्या उपकरणांच्या डब्याशेजारी ठेवलेत, कारण गावात ते अजूनही मिळत नाहीत.